कुलूप, कोड आणि शेवटचा प्रश्न

नव्वदच्या दशकात मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर बाजारात यायच्या आधी कंपनीतून जो शेवटचा कागद बाहेर पडे, तो आभाराच्या पत्राचा. आमच्या पुण्यातल्या लहानशा कंपनीत ही पत्रं लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. ‘बीटा टेस्टर’ हा शब्द तेव्हा इंग्रजी मासिकांत दिसायचा. आम्ही त्यांना ‘ट्रायलवाले’ म्हणत असू. त्यांत कोल्हापूर-सांगलीकडचे छापखानेवाले होते, लग्नपत्रिका आणि हँडबिलं करणारी डीटीपीची दुकानं होती, आणि उभी हयात खिळे जुळवून आता की-बोर्डसमोर बसवलेले एक-दोन जुने कंपोझिटरही होते. त्यांना कुरियरने फ्लॉप्यांचा संच जायचा, सोबत दोन पानी सूचना. महिना-दोन महिने ते आपलं रोजचं काम त्यावर करून बघायचे, चुका कळवायचे आणि मग आमचं पत्र जायचं : आभार, एक छोटी भेट, आणि शेवटचं एकदा तपासून देण्याची विनंती.

आता माझी पुतणी मोबाइलसाठी मराठी कीबोर्ड बनवते आहे. तिची चाचणी संपत आली आणि नेमका तसाच निरोप लिहायची वेळ आली. “काका, तुम्ही हे पूर्वी करत होतात ना?” म्हणून तिने मसुदा माझ्याकडे पाठवला. त्यानिमित्ताने जुनी फाइल काढली. जपून ठेवलेल्या प्रतींपैकी एक पत्र असं आहे :

“स. न. वि. वि. आपण पाठवलेले छापे मिळाले. ‘तऱ्हा’ आणि ‘कुऱ्हाड’ या शब्दांत अर्धा र पुढच्या अक्षरापासून सुटतो, हे आपण दाखवून दिलेत. ते दुरुस्त केले असून नवी प्रत सोबतच्या फ्लॉपीवर आहे. कृपया पुढील शब्द १२ आणि २४ पॉइंटात छापून कागद उलट टपाली पाठवावा : दऱ्या, दर्या, पुऱ्या, सूर्य, वाऱ्यावर, ऱ्हास. १५ तारखेस मास्टर फ्लॉपी प्रती काढण्यास जाईल; त्यानंतर आलेली दुरुस्ती पुढील आवृत्तीतच घेता येईल. आपल्यासाठी कुलूप सोबत पाठवत आहोत. ते आपलेच आहे. कागद न आल्यास परत मागणार नाही.”

हे कुलूप म्हणजे संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरच्या पोर्टला लावायची बोटभर प्लास्टिकची डबी. ती असल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नसे. फ्लॉपीची नक्कल कुणीही करी, कुलपाची करता येत नसे. त्यामुळे विकत घेणारा खरे पैसे मोजायचा ते कुलपाचे. ट्रायलवाल्यांची प्रत मात्र बिनकुलपाची असायची आणि ठरावीक तारखेला बंद पडायची. यावर डीटीपीवाल्यांनी शोधलेला उपाय साधा होता : संगणकाचं घड्याळच मागे न्यायचं. प्रत चालू राहायची, फक्त त्याच संगणकावर बिलं करणाऱ्यांच्या बिलावर गेल्या महिन्याची तारीख पडायची. अशी बिलं बघितली की आम्हाला बरं वाटे. जो माणूस घड्याळ मागे नेतो, त्याला सॉफ्टवेअर खरोखरच हवं आहे, ही त्याची पावती होती.

पत्रातले ते सहा शब्द नुसते सुचले म्हणून दिले नव्हते. तेव्हाच्या फाँटमध्ये अक्षरांसाठी २५६ घरं असायची आणि त्यांतलीही काही वापरता येत नसत. मराठीला लागणारी जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, वेगवेगळ्या उंचीच्या वेलांट्या एवढं सगळं त्यात बसवायचं म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतंत्र घर देणं अशक्य. मग तुकडे करायचे आणि छापताना ते शेजारी शेजारी चिकटवायचे. ‘वाऱ्या’तला तो आडवा अर्धा र असाच एक तुकडा. तो ‘य’ला आणि ‘ह’ला चिकटतो, पण दोघांची डावी बाजू सारखी नाही. ‘य’शी जुळवलेला तुकडा ‘ह’पाशी केसभर सुटतो. बारा पॉइंटात हे डोळ्यांना जाणवत नाही. चोवीस पॉइंटात, म्हणजे लग्नपत्रिकेवरच्या नावात, स्पष्ट दिसतं. म्हणून दोन आकार. आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ शेजारी मागायचे, कारण एक दुरुस्त करताना दुसरा बिघडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ‘सूर्य’ही तेवढ्याचसाठी.

ट्रायलवाल्यांकडून परत यायचा तो कागद बघण्यासारखा असे. छापखान्यातली माणसं प्रूफ तपासल्यासारखीच आमचं सॉफ्टवेअर तपासायची. लाल शाईने गोल, समासात खूण, ‘जोडा’, ‘खाली घ्या’, ‘फट कमी’. एकाने तर रिकाम्या कागदावर अपेक्षित अक्षर हाताने काढून पाठवलं होतं. आमच्या अक्षरापेक्षा ते चांगलं होतं. फोनवर बोलणं असेल तर रात्री उशिरा, एसटीडीचा दर पाव झाला की. तोवर दोन्हीकडची माणसं दमलेली असायची आणि बोलणं आपोआप मुद्द्याचं व्हायचं.

त्याआधीच्या एका आवृत्तीच्या वेळी आमच्या मालकांनी स्वतः पत्र लिहिलं होतं. त्यात शब्दबिब्द काही नव्हते, फक्त ‘आपला बहुमोल अभिप्राय कळवावा’. उत्तरं भरभरून आली. ‘सॉफ्टवेअर उत्तम आहे, आपल्या कार्यास शुभेच्छा.’ एकाने सोबत दिवाळीची भेट म्हणून स्वतः छापलेलं कॅलेंडर पाठवलं. त्यांतल्या एकाही पत्रावरून प्रोग्रॅममधली एक ओळसुद्धा बदलता येण्यासारखी नव्हती. मराठी माणसाला अभिप्राय विचारला की तो शुभेच्छा देतो. कागद छापून पाठवा म्हटलं की चुका काढतो.

भेटीबद्दल त्या काळात जगात दोन टोकांच्या रीती होत्या आणि दोन्हींबद्दल आमच्याकडे चवीने बोललं जाई. एक मायक्रोसॉफ्टची. त्यांनी १९९५ साली विंडोज ९५ बाजारात यायच्या आधी चाचणीची प्रत लोकांना चक्क विकली, अमेरिकेत १९.९५ डॉलरला. चुका शोधून द्यायच्या आणि वर पैसेही आपणच मोजायचे! आमचे मालक हे ऐकून बराच वेळ गप्प बसले होते. ‘आपल्याला का नाही सुचलं’ असा तो चेहरा होता. दुसरी रीत डोनाल्ड क्नूथ यांची. त्यांनी लिहिलेला ‘टेक’ हा अक्षरजुळणीचाच प्रोग्रॅम, म्हणून आमच्या धंद्यात त्यांना मान. त्यांच्या पुस्तकांत चूक दाखवून देणाऱ्याला ते २.५६ डॉलरचा चेक पाठवायचे. दोनशे छप्पन्न सेंट म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीतला एक डॉलर, हा त्यांचा विनोद. ‘टेक’मधली चूक दाखवणाऱ्याचं बक्षीस तर त्यांनी दरवर्षी दुप्पट करत ३२७.६८ डॉलरपर्यंत नेलं आणि तिथे थांबवलं.

गंमत अशी की बहुतेकांनी ते चेक वटवलेच नाहीत, फ्रेम करून भिंतीवर लावले. २००८ नंतर, बँकखात्यांच्या फसवणुकीच्या भीतीने, क्नूथ खरे चेक पाठवेनासे झाले आणि सॅन सेरिफ नावाच्या काल्पनिक देशातल्या बँकेची प्रमाणपत्रं देऊ लागले. तरी लोक चुका शोधतच राहिले. चेकवर सही होती आणि ती सही म्हणजे तुमची चूक क्नूथनी स्वतः वाचली, तपासली आणि मान्य केली याचा दाखला होता. आमच्या पत्रातलं ‘तऱ्हा आणि कुऱ्हाड आपण दाखवून दिलेत’ हे वाक्य त्याच जातीचं. कुलूप किमती होतं खरं, पण नंतर भेटलेले ट्रायलवाले आठवण काढायचे ती त्या वाक्याची. ‘कुऱ्हाड आम्ही काढली हो!’

आता पुतणीकडे येऊ. तिच्या ट्रायलवाल्यांची निवड तिने केलेली नाही, गूगलच्या नियमाने केली. नव्याने उघडलेल्या वैयक्तिक खात्यावरून ॲप टाकणाऱ्याला प्ले स्टोअरवर ते सर्वांसाठी खुलं करण्याआधी बंद गटात चाचणी घ्यावी लागते : निदान १२ माणसं, सलग १४ दिवस. आधी हा आकडा २० होता, २०२४ च्या अखेरीस तो कमी केला. हेतू चांगला आहे. पण बारा माणसं आणायची कुठून? मग मामा, मावशी, शाळेचा व्हॉट्सॲप गट, सोसायटीतले दोघे. गूगल मोजतं ते चौदा दिवस तुम्ही चाचणीत नाव ठेवलं आहे की नाही. कुणी रोज वापरलं आणि कुणी ‘पोरीचं काम आहे’ म्हणून नुसतं उतरवून ठेवलं, हे तिचं तिलाच शोधायचं.

त्या गटात एक ग्रंथपालबाई होत्या, तालुक्याच्या वाचनालयातल्या. त्यांनी एक ओळ कळवली : “पुस्तक यादीत आहे, दिसतंय, पण शोधलं की सापडत नाही.” पुस्तक होतं ‘वाऱ्यावरची वरात’. पुलंचं नाटक सापडत नाही म्हणजे काय! पुतणीने स्वतःच्या फोनवर करून पाहिलं, तिला सापडलं. दोन दिवस ती बाईंच्या फोनला दोष देत होती. मग तिने यादीतला शब्द आणि नवा टाइप केलेला शब्द उचलून त्यांच्या आतले संकेतांक बघितले :

```
ऱ्या : U+0931 U+094D U+092F U+093E
र्‍या : U+0930 U+094D U+200D U+092F U+093E
```

पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्यात ऱ हे वेगळं अक्षर आहे, मग हलन्त, मग य आणि काना. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. काही कीबोर्ड पहिला मार्ग घेतात, काही दुसरा. वाचनालयाची यादी जुन्या कीबोर्डने दुसऱ्या पद्धतीने भरलेली होती आणि पुतणीचा कीबोर्ड पहिल्या पद्धतीने लिहीत होता. वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. शोधणाऱ्या यंत्राला हे दोन वेगळे शब्द वाटतात. तिचा स्वतःचा फोन कोरा, त्यात सगळं तिच्याच कीबोर्डने लिहिलेलं, म्हणून तिथे चूक दिसेना.

मला हे ऐकून हसू आलं. तोच र, तोच य, तीस वर्षांनी. पण फरक मोठा आहे. आमची चूक कागदावर दिसायची. चोवीस पॉइंटात छापलं की ती लपत नसे. हिची चूक छापून, बघून, भिंग लावूनही सापडणार नाही. ती सापडते फक्त काम करताना, तेही एकाने लिहिलेलं दुसऱ्याने शोधताना. म्हणजे ‘शब्द छापून पाठवा’ ही माझी जुनी युक्ती इथे जशीच्या तशी चालणार नव्हती. दुरुस्तीलाही मर्यादा आहे. कीबोर्डने एकच पद्धत धरली, तरी जगातल्या जुन्या याद्या तशाच राहणार. शोधताना दोन्ही रूपं एकच मानण्याचं काम शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचं. पुतणीने बाईंना ते सांगितलं आणि त्यांच्या यादीत जुनी रूपं एकदाच बदलून दिली.

आता तिचा मसुदा. ‘आमच्या या सुंदर प्रवासाचा भाग झाल्याबद्दल मनःपूर्वक धन्यवाद’ अशी सुरुवात, फुलं, हात जोडलेले, रॉकेट. मग एक कोड, ज्यावर कीबोर्डचे विकतचे रंग आणि फाँट वर्षभर फुकट. मग फॉर्मची लिंक : ‘तुम्हाला ॲप कसं वाटलं? १ ते ५’. आणि शेवटी : ‘ॲप बाजारात आलं की प्ले स्टोअरवर पाच तारे नक्की द्या!’

शेवटच्या ओळीपासून सुरुवात केली, कारण ती नुसती अनावश्यक नाही, धोक्याची आहे. भेट देऊन तारे मागणं गूगलच्याही नियमात बसत नाही आणि ॲपलच्याही. चाचणी चालू असताना तर प्ले स्टोअरवर उघड अभिप्राय लिहिताच येत नाही. जे लिहाल ते खासगी, बनवणाऱ्यालाच दिसतं. ॲपल आणखी कडक : चाचणीची प्रत कुठल्याही मोबदल्याच्या बदल्यात वाटायचीच नाही. म्हणून भेट ही झाल्या कामाची आठवण म्हणून, चाचणी संपल्यावर, आणि अभिप्रायाशी न बांधता द्यायची. आमचं ‘कागद न आल्यास परत मागणार नाही’ कुठल्या नियमापोटी नव्हतं. पण त्याचा फायदा असा व्हायचा की ज्यांना सॉफ्टवेअर आवडलं नाही तेही लिहायचे. उत्तराच्या बदल्यात भेट ठेवली की उत्तरं गोड होतात.

कोडचंही एक आहे. एकदाच वापरता येणारा कोड गटावर टाकला, तर जो आधी बघेल त्याचा. बाकीच्यांना ‘कोड चालत नाही’ एवढंच दिसतं आणि आभार मानता मानता तक्रारी येतात. प्रत्येकाला वेगळा कोड, वेगळ्या निरोपात, मुदतीची तारीख लिहून. कोड कुठे भरायचा हेही लिहायचं. आमचं कुलूप पाठीमागे कुठे लावायचं याचं चित्र काढून आम्ही पाठवत असू, तेच.

तिच्या मसुद्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नव्हतीच : चाचणीची प्रत आता काय करायची? चाचणीतून बाहेर पडायचं असेल तर चाचणीतून नाव काढून, ॲप काढून टाकून, बाजारातली प्रत पुन्हा उतरवावी लागते. कीबोर्ड चौदा दिवसांत माणसाचे शब्द शिकलेला असतो. आडनावं, गावांची नावं, घरातल्या लाडाच्या हाका. ॲप काढलं की ते सगळं जातं. आभाराच्या निरोपामुळे कुणाचे शब्द पुसले गेले, तर वर्षभराच्या फुकट रंगांनी ते भरून येणार नाही.

शेवटी ग्रंथपालबाईंना जो निरोप गेला तो असा : “नमस्कार. ‘वाऱ्यावरची’ दिसतं पण सापडत नाही, हे तुम्ही कळवलंत. आमचा कीबोर्ड ऱ्य नेहमी एकाच पद्धतीने लिहितो, आणि तुमच्या यादीतली जुनी रूपं बदलून दिली आहेत. खालचा कोड फक्त तुमचा आहे, महिनाअखेरपर्यंत वापरा. तुम्ही पुढचं काही केलं नाहीत तरी तो तुमचाच. रविवारपर्यंत जमलं तर एवढं करून बघा. या कीबोर्डने तुमचा पूर्ण पत्ता, पिनकोडसकट, लिहा आणि कुठे थांबावं लागलं ते सांगा. ऱ्य असलेला एक शब्द आमच्या कीबोर्डने लिहून घरातल्या दुसऱ्या कुणाला पाठवा, आणि तोच त्यांना त्यांच्या फोनवर शोधायला सांगा. आणि मधे कधी जुन्या कीबोर्डवर परत गेला असाल, तर तेव्हा काय लिहीत होतात? ॲप काढण्याआधी ‘माझे शब्द’ जतन करायला विसरू नका.” बाकीच्यांच्या निरोपात पहिली ओळ ज्याची त्याची. ज्यांनी काहीच कळवलं नव्हतं त्यांना ‘चौदा दिवस फोनवर जागा दिलीत’ एवढंच, आणि ते खरंही होतं.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने कबूल केली पाहिजे : आमच्या पत्रातला ‘१५ तारखेस मास्टर जाईल’ हा धाक आता उरलेला नाही. आम्ही एकदा प्रती काढल्या की दुरुस्ती म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला पुन्हा फ्लॉपी, पुन्हा कुरियर. हिला चूक सापडली तर रात्रीत नवी प्रत सगळ्यांच्या फोनवर. जीमेलसारखी सेवा २००४ पासून पाच वर्षं ‘बीटा’ हे बिरुद मिरवत चालली, तेव्हापासून शेवटच्या अभिप्रायातलं ‘शेवटचा’ तसंही पातळ झालं आहे. मला त्याचं दुःख नाही. मास्टर गेल्यावर सापडलेल्या चुकांनी ज्या रात्री घालवल्या त्या पुन्हा नकोत. फक्त तारीख नसली की लोक उत्तर देत नाहीत, म्हणून रविवार घातला.

उत्तरं आली त्यात पहिल्या दोन प्रश्नांवर फारसं काही नव्हतं. तिसऱ्याने काम केलं. चौघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितलं : पैसे पाठवताना जुना कीबोर्ड लावावा लागतो. पुतणीचा कीबोर्ड सगळीकडे १२३ असे देवनागरी आकडे देत होता. रकमेच्या आणि ओटीपीच्या चौकटीत काही ॲपना `123` हेच लागतात, बाकी ते घेत नाहीत. अशी चौकट स्वतःच ‘इथे फक्त आकडे’ असं कीबोर्डला कळवत असते. ते ऐकून तिथे आकडे बदलायचे, एवढीच दुरुस्ती होती. एका संध्याकाळचं काम. चौदा दिवस लोक हे करत होते, पण ही तक्रार आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. कीबोर्ड बदलायचा, पैसे पाठवायचे, विसरून जायचं.

चौघांत एक होती पुतणीची मावशी, जिने ‘पोरीचं काम’ म्हणून ॲप उतरवलं होतं आणि जिच्याकडून कुणालाच काही अपेक्षा नव्हती. तिने तर दुधाच्या बिलाची रक्कम कुठे अडली ते फोटो काढून पाठवलं, एका फोनवरून दुसऱ्या फोनचा. कोड मात्र तिने नातवाला देऊन टाकला. त्याने कीबोर्ड जांभळा केला आहे आणि त्यावर तो इंग्रजी लिहितो.